चेहऱ्याला वारस कोण?

लग्नाचा मंडप भरलेला असतो, अक्षता वाटून झालेल्या असतात, आणि मंगल कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर एकाएकी नवरदेवाचे दिवंगत आजोबा अवतरतात. ते चालत येतात, नातवाच्या डोक्यावर हात ठेवतात, दोन वाक्ये बोलतात आणि ढगांत विरून जातात. पाहुणे डोळे पुसतात, मोबाइल वर करून चित्रण करतात. पहिल्या रांगेत बसलेल्या आजींना मात्र हे होणार आहे हे कुणी सांगितलेलेच नसते. एका जुन्या फोटोवरून असा देखावा तयार करून देणे आता फोटो स्टुडिओंना अवघड राहिलेले नाही, आणि नवा कौटुंबिक फोटो काढून त्यात गेलेल्या माणसाला उभे करणे तर त्याहून सोपे झाले आहे. या लेखात एवढाच प्रश्न घ्यायचा आहे की, यासाठी परवानगी कुणाची लागते आणि ती घ्यायची कशी.

गेलेल्या माणसाला मंगलप्रसंगी बोलावणे आपल्याला नवे नाही. खान्देशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, आगारी टाकतात. लग्नाआधीच्या नांदीश्राद्धातही पितरांना आमंत्रण असते. देवघरातल्या चांदीच्या टाकात घरातल्या वीराची आकृती पिढ्यान्‌पिढ्या पुजली जाते. फोटोंची जोडाजोडही जुनीच. आजोबांचा फोटो एका वर्षीचा, आजीचा दुसऱ्या वर्षीचा. स्टुडिओतला कारागीर दोन्ही कापून शेजारी बसवायचा, वरून ब्रशने कोट आणि पदर रंगवायचा, आणि जे दोघे हयातीत कधी एकत्र कॅमेऱ्यासमोर बसले नाहीत ते भिंतीवर शेजारी विराजमान व्हायचे. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. आपल्या चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडून निसर्गदृश्याचा भास देणारी छायाचित्रे काढत आणि पाहणारा ती खरी समजे. म्हणजे ‘फोटो खरा नाही’ हा मूळ आक्षेपच नव्हे. आक्षेपाची जागा वेगळी आहे. घागर, टाक किंवा भिंतीवरचा जोड फोटो यांत गेलेला माणूस गप्प असतो. तो नवे काही करत नाही आणि नवे काही बोलत नाही. पडद्यावरचे आजोबा बोलतात, आणि ते शब्द त्यांचे नसतात.

एक घर डोळ्यांसमोर आणू. माणसे कल्पित आहेत, पण असे घर आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. धुळ्यातले एक गृहस्थ एस.टी.त नोकरी करून निवृत्त झाले आणि आठ महिन्यांपूर्वी दीर्घ आजाराने गेले. मागे पत्नी, वय चौऱ्याहत्तर. दोन मुलगे, एक धुळ्यात आणि एक सुरतेत. एक मुलगी जळगावला दिलेली. थोरल्या मुलाच्या मुलाचे लग्न ठरते. नातू पुण्याला नोकरीस. आजोबांवर त्याचा जीव, म्हणून तो स्टुडिओला सांगतो की आजोबांचा आशीर्वाद हवा. स्टुडिओ दोन गोष्टी मागतो: समोरून काढलेला एक स्पष्ट फोटो आणि आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा नमुना. फोटो तो घरच्या व्हॉट्सॲप गटातून उचलतो. आवाजासाठी आजोबांनी कधीतरी पाठवलेला एक निरोप त्याच्या मोबाइलमध्ये असतोच. आशीर्वादाचे शब्द तो स्वतः लिहितो. या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते. हेतू निर्मळ आहे, यात शंका घ्यायचे कारण नाही. तरीही त्या संध्याकाळी चार जणांना विचारायचे राहून गेले.

आधी कायदा पाहू, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की माणूस गेला की त्याच्या चेहऱ्यावरचा हक्क आपोआप वारसांकडे येतो, जसा घराचा सातबारा किंवा बँकेतली ठेव येते. आपल्या देशात आज तसे नाही. अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या निधनानंतर त्यांच्या आयुष्यावरून बेतलेल्या एका चित्रपटाविरुद्ध त्यांच्या वडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. मुलाचे नाव आणि त्याची प्रतिमा परवानगीवाचून वापरली, असे त्यांचे म्हणणे. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने मनाईहुकूम नाकारताना म्हटले की खासगीपणाचा आणि स्वतःच्या प्रसिद्धीवरचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारशाने मिळत नाही. त्याआधी २०२१ मध्ये जयललिता यांच्या भाचीने त्यांच्यावरील चित्रपटाबाबत केलेल्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली होती. ही दोन्ही प्रकरणे जीवनावरच्या चित्रपटांची होती, यंत्राने घडवलेल्या चेहऱ्याची नव्हेत. त्यामुळे पुढे वेगळा निवाडा होणारच नाही असे म्हणता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने मृत्यूनंतर सत्तर वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. आपल्याकडे असा कायदा नाही. मृताची बदनामी होईल आणि त्याच्या नातलगांच्या भावना दुखावतील अशा हेतूने काही केले, तर भारतीय न्याय संहितेतील बदनामीचे कलम लागू होऊ शकते. पण आशीर्वादाच्या चित्रफितीला ते कसे लागणार? तिथे हेतू प्रेमाचाच असतो.

चेहऱ्याला वारस नाही, पण फोटोला आहे. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण व्यवहारात तोच हाताशी येतो. लेखाधिकाराच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे मोबदला देऊन एखाद्याकडून फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन तो काढवून घेणारा असतो, स्टुडिओ नव्हे. चित्रफितीलाही हाच नियम आहे. आपल्या उदाहरणातील आजोबांनी पेन्शनच्या कागदांसाठी स्वतः पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढला असेल, तर त्या फोटोवरचा अधिकार त्यांचा होता, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या इतर मालमत्तेप्रमाणे तो वारसांकडे गेला. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार ते वारस म्हणजे पत्नी, दोन्ही मुलगे आणि मुलगी, चौघेही सारखेच. इतर धर्मीयांचे वारसा कायदे निराळे आहेत, पण अनेक वारस असू शकतात ही गोष्ट तिथेही तीच. नातू या यादीत नाही, कारण त्याचे वडील हयात आहेत.

नातवाने गटातून उचललेला फोटो मात्र स्टुडिओतला नव्हताच. तो जळगावच्या लेकीने, वडिलांच्या शेवटच्या दिवाळीत, आपल्या मोबाइलवर काढलेला होता. स्वतःहून, मोबदला न घेता काढलेल्या फोटोचा अधिकार काढणाऱ्याचा असतो. म्हणजे हा फोटो लेकीचा. तिला कुणी विचारले नाही. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीला शेताच्या वाटणीतही उशिराच विचारतात, तिथे फोटोचे काय, असे कुणी म्हणेल. पण आजारपणात पंधरा-पंधरा दिवस येऊन राहणारी, औषधांच्या वेळा सांभाळणारी बहुधा तीच असते, आणि तो फोटो तिच्यासाठी त्या दिवसांचा असतो. त्यातल्या वडिलांचे गाल भरून, केस काळे करून, त्यांना पडद्यावर चालवलेले पाहताना तिला काय वाटेल, हा कायद्याचा प्रश्न नसला तरी घराचा नक्कीच आहे.

स्वतःच्या खासगी वापरापुरता कायदा बरीच मोकळीक देतो, त्यामुळे लग्नात दाखवलेल्या चित्रफितीवरून भावंडे कोर्टात जातील असे नाही, आणि जाऊही नये. अडचण पुढे येते. लग्नानंतर आठवडाभराने तीच चित्रफीत स्टुडिओच्या इन्स्टाग्राम पानावर झळकते, खाली दर आणि संपर्क क्रमांक. आता आजोबा एका धंद्याची जाहिरात करत आहेत. इथे मात्र वरचा नियम उपयोगी पडतो. चित्रफीत पैसे देऊन करवून घेतलेली असल्याने ती आपली आहे, आपल्या लेखी संमतीवाचून ती जाहिरातीत वापरता येणार नाही, असे ठामपणे सांगता येते. फक्त आधी पावतीची मागची बाजू वाचावी. ‘काम नमुना म्हणून दाखवण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील’ असे बारीक अक्षरात छापलेले असेल आणि आपण खाली सही केली असेल, तर बाजू कमकुवत होते. म्हणून काम देतानाच त्या ओळीवर काट मारून, शेजारी सही करून घ्यावी, आणि हेही लिहून घ्यावे की आवाजाचा नमुना व मूळ फोटो काम संपल्यावर स्टुडिओ स्वतःजवळ ठेवणार नाही. आवाजाचा नमुना जपण्याचे कारण भावनेपुरते नाही. त्या आवाजात नातलगांना फोन करून पैसे मागता येतात, आणि गेलेल्या माणसाच्या आवाजाला घरातली वृद्ध व्यक्ती तर सहज हुरळते.

परवानगी विचारणे आणि न विचारणे यांतला फरक किती मोठा असू शकतो हे दक्षिणेतल्या दोन घटनांत दिसले. २०२४ च्या जानेवारीत संगीतकार ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ चित्रपटातल्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या साह्याने वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि त्यांना योग्य मानधनही पाठवले, असे त्यांनी स्वतः जाहीर केले. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या मुलाने, एस. पी. चरण यांनी, ‘कीडा कोला’ या तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली, कारण वडिलांचा आवाज घरच्यांना न विचारता घडवला गेला होता. वापरलेले तंत्र सारखेच होते. एका घरात आधी विचारणा झाली, दुसऱ्या घराला नंतर कळले.

कुटुंबाची परवानगी मिळाली म्हणजे सगळे प्रश्न मिटतात, असेही नाही. आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये १६ एप्रिल २०२५ रोजी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या शिबिरात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातले भाषण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने ऐकवले गेले. बाळासाहेबांचे निधन २०१२ चे. भाषण आजच्या राजकारणावर होते. पक्षाचे नेतृत्व त्यांच्या पुत्राकडेच असल्याने इथे घरच्यांच्या संमतीचा प्रश्न नव्हता. तरी विरोधकांनी टीका केली, आणि तिचा रोख हाच होता की हे शब्द त्यांचे कसे म्हणायचे. राजकारण बाजूला ठेवले तरी हा प्रश्न प्रत्येक घराला लागू आहे. वारस फोटो देऊ शकतो, आवाज देऊ शकतो. गेलेल्या माणसाने काय म्हटले असते, हे त्याला फक्त अंदाजाने ठाऊक असते.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. दिवंगत माणसाचा न हलणारा फोटो नव्या कौटुंबिक फोटोत बसवणे हे जुन्या जोड फोटोचेच पुढचे रूप आहे; पत्नी किंवा पती आणि मुले यांची हरकत नसेल तर ते खुशाल करावे. न बोलणारी, नुसती हात जोडणारी किंवा हसणारी आकृतीही एक वेळ ठीक. नवे शब्द मात्र तोंडी घालू नयेत. आजोबांच्या खऱ्या आवाजातला एखादा जुना निरोप असेल, ‘पोहोचला का रे, जेवलास का’ एवढाच असला तरी, तो आहे तसा ऐकवावा. मंडपात तो कितीतरी खोल पोहोचेल.

नवे शब्द तोंडी घातले की काय चुकते, हे घरच्या माणसाला तत्काळ कळते आणि पाहुण्याला कळत नाही. आपल्या उदाहरणातले आजोबा घरात अहिराणी बोलत. नातवाने लिहिलेला आशीर्वाद पुण्याच्या शुद्ध मराठीत, तोही ‘प्रिय नातवा’ असा सुरू होणारा. ज्याने आयुष्यभर नातवाला टोपणनावानेच हाक मारली, तो माणूस निमंत्रणपत्रिकेची भाषा कशी बोलेल? यंत्राच्या चुकाही ठरावीक आहेत. मूळ फोटो सेल्फीचा असेल तर तो पुष्कळदा आरशासारखा उलटा असतो, त्यामुळे गालावरचा तीळ किंवा केसांचा भांग दुसऱ्या बाजूला जातो. न दिसणारे दात यंत्र आपल्या मनाने घालते. ज्यांचे पुढचे दोन दात कित्येक वर्षांपूर्वी पडले, ते पांढरीशुभ्र दंतपंक्ती दाखवत हसतात. बोटे कधी कमी-जास्त होतात. टोपीचा आकार बदलतो, धोतराचा पायजमा होतो. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक बोचते. आयुष्यभर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या बाईचा पदर खांद्यावर येतो. वीस वर्षे विधवेचे आयुष्य काढलेल्या बाईच्या कपाळी ठसठशीत कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र येते. काही घरांना ते आवडेल. निदान विचारल्यावर आवडले असते. न विचारता केलेले मात्र तिच्या आयुष्याची दुरुस्ती केल्यासारखे दिसते. यासाठी तयार झालेली फीत आधी त्या माणसासोबत सर्वांत अधिक काळ राहिलेल्याने पाहिली पाहिजे. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे मागे राहिलेला जोडीदार.

आता त्या पहिल्या रांगेतल्या आजींकडे येऊ. कायद्याने त्या चार वारसांतल्या एक असतील, घरात मात्र त्यांचा शब्द शेवटचा असावा असे मला वाटते, आणि त्याला वैद्यकीय कारण आहे. पतीला जाऊन आठच महिने झालेत. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर दुःखाची तीव्रता हळूहळू ओसरते, मधूनच उसळते, पुन्हा बसते; हे सर्व स्वाभाविक आहे. काहींच्या बाबतीत ते ओसरतच नाही, रोजचे जगणे अडते, आणि त्याला मनोविकारशास्त्रात लांबलेल्या दुःखाचा विकार असे नाव आहे. प्रौढांमध्ये त्याचे निदान करण्यासाठी अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत किमान बारा महिन्यांचा काळ जाऊ द्यावा असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सहा महिन्यांची आहे. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंतचा काळ वेगळा मानतात, सणवार साधेपणाने करतात; बारा महिन्यांचा हिशेब तिथेही आहे. या काळात चालते-बोलते पती अकस्मात समोर येणे, तेही पाचशे माणसांपुढे, जिथे रडताही येत नाही आणि उठून जाताही येत नाही, हा त्यांच्यावर लादलेला प्रसंग आहे. वर्ष होण्याआधी शक्यतो असे करू नये. करायचेच असेल तर घरी, दुपारच्या निवांत वेळी, आधी शब्दांत सांगून, मग मोबाइलच्या लहान पडद्यावर त्यांना दाखवावे. त्या म्हणाल्या ‘नको’, तर कारण विचारू नये. ‘तुम्हाला बरे वाटते तर करा’ हा होकार नव्हे. आपल्या पिढीच्या स्त्रिया नकार असाच देतात.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर याहून सावध राहावे लागते. पती वारले हे आजींना एखाद्या दिवशी आठवते, एखाद्या दिवशी नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा आहे: ‘ते कुठे गेले?’ असे विचारल्यावर खरे सांगितले की प्रत्येक वेळी त्या नव्याने रडतात, जणू बातमी आजच आली. भिंतीवरचा हार घातलेला फोटो त्यांना न बोलता आधार देतो, कारण हाराचा अर्थ जुन्या स्मृतीत खोल रुजलेला असतो. चालती-बोलती आकृती उलट सांगते. त्या संध्याकाळी आजी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, जेवायला ताट वाढून ठेवा म्हणाल्या, तर त्यांची समजूत घालणे सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येईल, स्टुडिओच्या नाही. अशा घरी ही फीत रुग्णासमोर लावूच नये, आणि लग्नातही त्या वेळी कुणीतरी त्यांना वधूच्या खोलीत घेऊन जावे. ज्या घरांत धर्माच्या रिवाजाने प्रतिमा मांडतच नाहीत, तिथेही धाकट्या पिढीने उत्साहाच्या भरात वडिलधाऱ्यांना या प्रसंगात ओढू नये.

या सगळ्यात ज्याचा चेहरा आहे त्याला विचारणे राहूनच जाते, आणि तेच खरे तर सर्वांत सोपे आहे, फक्त वेळेवर केले पाहिजे. अमेरिकन अभिनेते रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेले. त्यांनी आधीच कागदोपत्री व्यवस्था करून ठेवली होती की मृत्यूनंतर पंचवीस वर्षे, म्हणजे २०३९ पर्यंत, त्यांच्या प्रतिमेचा व्यावसायिक वापर होऊ नये. तरीही चाहते त्यांच्या कृत्रिम चित्रफिती बनवून त्यांच्या मुलीला पाठवत राहिले, आणि २०२५ मध्ये तिला जाहीरपणे ‘कृपा करून हे थांबवा’ असे सांगावे लागले. म्हणजे कागद सर्वांना अडवत नाही. पण घरच्यांना दिशा देतो, आणि आपला प्रश्न घरच्यांचाच आहे.

आपण स्वतः साठी-सत्तरी ओलांडली असेल तर हे सहज करता येते. मृत्युपत्र लिहीत असाल तर त्यात दोन परिच्छेद घालावेत. पहिल्यात आपल्या मालकीचे फोटो, चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे यांवरचे सर्व अधिकार एका व्यक्तीला द्यावेत, आणि तिचे नाव लिहावे. हा भाग पक्का आहे, कारण फोटोचा अधिकार ही मालमत्ता आहे आणि मालमत्ता मृत्युपत्राने देता येते. दुसऱ्यात आपली इच्छा लिहावी. चेहरा मालमत्ता नसल्याने या दुसऱ्या परिच्छेदाची न्यायालयात अंमलबजावणी होईलच असे नाही, पण चार भावंडांत वाद झाला तर तो वाद मिटवायला तो पुरतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्र करायचे नसेल तर साधा कागदही चालेल. त्यावर आपल्याच शब्दांत, आपल्याच बोलीत लिहावे. उदाहरणार्थ असे:

‘माझ्या मागे माझा फोटो घरातल्या नव्या फोटोंत बसवायला माझी हरकत नाही. फोटो माझ्या निवृत्तीच्या दिवशीचा घ्यावा, आजारपणातला घेऊ नये. माझी हलती चित्रफीत करायची असल्यास पत्नी आणि तिन्ही मुले यांनी आधी पाहून होकार द्यावा. एकाचाही नकार असेल तर करू नये. माझ्या आवाजात, मी न बोललेले शब्द घालू नयेत. नातवंडांच्या लग्नासाठी माझा आशीर्वाद मी मोबाइलवर बोलून ठेवला आहे, तो लावावा. माझा फोटो किंवा आवाज कोणत्याही जाहिरातीसाठी किंवा प्रचारासाठी देऊ नये.’

यातले शेवटून दुसरे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. नातवाला खोटे आजोबा घडवावे लागतात, कारण खऱ्या आजोबांनी काही ठेवलेले नसते. पाच मिनिटे मोबाइल खिडकीच्या उजेडात टेकवून, टोपी-चष्म्यासह, नेहमीच्या भाषेत, ज्याला जे सांगायचे ते बोलून ठेवावे. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे सुचवायचे असल्यास तब्येत बरी असताना सुचवावे. अंथरुणाला खिळल्यावर विचारले तर माणसाला वाटते की आपली वेळ जवळ आली. घशाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असेल तर आवाज आधी जातो, तेव्हा तिथे उशीर करू नये. ध्वनिमुद्रणाची एक प्रत मोबाइलबाहेर, पेन ड्राइव्हवर घ्यावी, कारण मोबाइलला कुलूप असते आणि आकडा एकट्यालाच ठाऊक असतो. कागद आणि पेन ड्राइव्ह दोन्ही पेन्शनच्या पासबुकाबरोबर एकाच पिशवीत ठेवावे, आणि ती पिशवी कुठे आहे हे मुलाबरोबरच मुलीलाही सांगून ठेवावे.